घर आणि मन : ताटावरचा राग

गेल्या श्रावणांत पुण्याहून एका भगिनींचें पत्र आलें. त्यांतील मजकूर थोडा संक्षेप करून व घरच्या मंडळींचीं नांवें गाळून, त्यांच्या अनुज्ञेनें येथें देत आहों.

“आमच्या घरीं मामंजी, आम्ही उभयतां, १४ वर्षांची मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा अशीं पांच माणसें आहेत. रात्रीचें जेवण सर्वांनीं एकत्र करावयाचें, हा मामंजींचा जुना परिपाठ. मुलगी त्यांची फार लाडकी. तिला अक्षरओळख त्यांनींच करून दिली. गेल्या वर्षभरांत मात्र विपरीत घडूं लागलें आहे. मामंजी पहिला घास चावूं लागले कीं पोरीची मुद्रा बदलते, मुठी आंवळल्या जातात. त्यांनीं आमटीचा भुरका घेतला कीं ती डोळे वटारून पाहते, आणि पापड मोडला कीं ताटावरून उठून जाते. एके रात्रीं ती ओरडली, ‘आजोबा, पुरे हो ती मचमच!’ मामंजी कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून ते आपलें ताट खोलींत मागवूं लागले. मी तिला रागें भरलें. तिच्या वडिलांनीं तर एक थप्पडही दिली. ती रडून सांगते, ‘मला आजोबा आवडतात ग आई, पण तो आवाज आला कीं माझ्या अंगांत काय होतें तें मला कळत नाहीं.’ हा उद्धटपणा समजावा, कीं रोग समजावा?”

पत्र वाचून प्रथम डोळ्यांपुढें आले ते त्या मुलीपेक्षांही ते आजोबा. ज्या नातीला मांडीवर घेऊन श्रीकार गिरवावयास शिकविला, तिला आपलें जेवणें पाहवत नाहीं अशी समजूत करून घेऊन हा वृद्ध मनुष्य एकटा घास गिळत बसला आहे. आणि पलीकडच्या खोलींत ती नात, आपण दुष्ट आहों कीं काय, या विचारानें रडते आहे. हें दुःख गैरसमजांतून उत्पन्न झालेलें असल्यामुळें, या खेपेस त्याच प्रश्नाचा जरा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

मचमच करून जेवूं नये, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणापासून दिली जाते. उलट, आमटीचा भुरका ऐकून वाढणारीचा जीव सुखावतो. तो पाकाला मिळालेला अभिप्रायच समजला जातो. म्हणजे तोंडाच्या कोणत्या आवाजाला असभ्य म्हणावें आणि कोणत्याला रसिकता, हें रीतिभातीनें ठरतें. पत्रांतील मुलीची तक्रार या रीतिभातीच्या पलीकडची आहे. तिला मचमच आणि भुरका दोन्ही सारखेच जाळतात, आणि ती असभ्यतेचा न्याय करावयास बसलेलीही नाहीं. न्याय करण्यास विचार लागतो, विचारास क्षणभर तरी अवधि लागतो. तिचा राग आवाजाबरोबरच येतो. आधीं अंग तापतें, छाती धडधडते, मूठ वळते. आणि हें अयोग्य आहे, ही जाणीव मागाहून येते.

या अवस्थेला मिसोफोनिया असें नांव आहे. मिसॉस म्हणजे द्वेष आणि फोनी म्हणजे ध्वनि, या दोन ग्रीक शब्दांवरून तें मार्गारेट व पावेल यास्त्रेबॉफ या दांपत्यानें २००१ च्या सुमारास घडविलें. हीं दोघें अमेरिकेंतील अटलांटा येथें कानांत सतत नाद ऐकूं येणाऱ्या रोग्यांवर उपचार करीत असत. त्यांच्याकडे येणाऱ्यांत कांहीं जण असे आढळले, कीं ज्यांना मोठ्या आवाजाचा त्रास नव्हता, पण कांहीं ठराविक आणि बहुधा अगदीं लहान आवाजांचा मात्र असह्य तिटकारा होता. आपण मराठींत त्यास ध्वनिद्वेष म्हणूं. मात्र या शब्दानें एक भ्रम होण्याजोगा आहे. द्वेष सर्व ध्वनींचा नसतो, आणि ध्वनि करणाऱ्या माणसाचा तर मुळींच नसतो.

येथें तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली, फळ्यावर नख किंवा काचेवर सुरी ओढल्याचा आवाज. त्यानें बहुतेक सर्वांच्याच अंगावर कांटा येतो. त्याचें कारण त्या आवाजाच्या घडणींतच असतें. दुसरी, ज्यांचा कानच नाजूक झालेला असतो त्यांची अवस्था. त्यांना भांडें पडलें, दार आपटलें, मोटारीचा कर्णा वाजला, तरी कानांत वेदना होते. तेथें आवाजाचा मोठेपणा हें कारण होय. तिसरी म्हणजे हा ध्वनिद्वेष. यांत आवाज मोठा नसतो, आणि इतर चार जणांना तो ऐकूंही आलेला नसतो. चावणें, गिळणें, भुरकणें, नाक ओढणें, घसा साफ करणें, टेबलावर बोटें वाजविणें, लेखणीचें टोपण सारखें टकटक करणें, अशी ही यादी आहे. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, कीं यांतील प्रत्येक आवाजाच्या मागें एक मनुष्य आहे, आणि तो तीच क्रिया पुनःपुन्हां करीत आहे.

हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम येथील मनोरोगतज्ज्ञांनीं २०१३ सालीं अशा ४२ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं पांचांतील चौघांना खाण्याच्या आवाजांचा त्रास होता, आणि निम्म्याहून अधिकांना टंकलेखनासारख्या हाताच्या आवाजांचाही. हा त्रास सुरू झाला त्या वेळचें त्यांचें वय सरासरीनें १३ होतें. आमच्या पत्रलेखिकेच्या कन्येचें वय त्याला अगदीं जुळतें. याच वयांत मुलें एरवींही तिरसट होतात, म्हणून घरच्या वडिलधाऱ्यांना हा त्रास शिस्तीचा प्रश्न वाटतो, आणि उपाय थपडेवर येऊन ठेपतो. थपडेनें एवढेंच होतें, कीं पूर्वीं त्या आवाजाबरोबर राग येत असे, तेथें आतां भीतिही येऊं लागते.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं जो आवाज आईच्या कानाला जाणवतही नाहीं, तो मुलीच्या मस्तकांत घणासारखा कां बसावा? साहजिक तर्क असा, कीं तिचे कान अधिक तीक्ष्ण असतील. हा तर्क खरा ठरलेला नाहीं.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें सुखबिंदर कुमार व त्यांचे सहकारी यांनीं याविषयीं केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. २०१७ सालीं छापून आलेल्या प्रयोगांत त्यांनीं ध्वनिद्वेष असलेलीं सुमारें वीस माणसें व तितकींच इतर माणसें घेतलीं, आणि त्यांना तीन तऱ्हांचे आवाज ऐकविले. पाऊस पडल्यासारखे कोणालाही न खुपणारे आवाज, तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखे कोणालाही अप्रिय वाटणारे आवाज, आणि चावण्याचे व श्वासाचे आवाज. पहिल्या दोन तऱ्हांच्या बाबतींत दोन्ही मंडळ्या सारख्याच वागल्या. रडणें दोघींनाही नकोसें वाटलें. चावण्याचा आवाज लागतांच मात्र ध्वनिद्वेष असलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, तळव्यांना सूक्ष्म घाम सुटला, आणि मेंदूच्या कुशींत दुमडून राहिलेला इन्सुला नांवाचा भाग इतरांपेक्षां फार जोरानें जागा झाला. आपल्या शरीराच्या आंतील जाणिवा आणि बाहेरील घटना यांचा मेळ घालून, ‘हें महत्त्वाचें आहे, इकडे लक्ष दे’ असें बजावणें हें या भागाचें काम होय. सापाची चाहूल लागतांच जसें दुसरें कांहीं सुचत नाहीं, तसें या मंडळींचें पापडाच्या आवाजानें होतें. त्याकडे दुर्लक्ष कर, हा उपदेश म्हणूनच व्यर्थ जातो. लक्ष देऊं कीं नको, हें ठरविण्याची पाळी तिच्यावर येण्यापूर्वींच तें दिलें गेलेलें असतें.

याच मंडळींनीं २०२१ सालीं आणखी एक शोध प्रसिद्ध केला, तो तर अधिकच मनोवेधक आहे. आवाज ग्रहण करणारा मेंदूचा जो भाग, त्याचें काम ध्वनिद्वेष असलेल्यांत आणि इतरांत सारखेंच आढळलें. फरक दिसला तो दुसरीकडे. ओठ, जीभ व जबडा यांच्या हालचालींची आंखणी करणारा जो भाग आहे, त्याच्याशीं ध्वनीच्या भागाचें दळणवळण या मंडळींत अधिक घट्ट होतें. दुसऱ्याला जांभई देतांना पाहून आपल्यालाही जांभई येते, किंवा गाणारा वरच्या सुराला चढला कीं ऐकणाऱ्याचाही गळा ताणतो, हें आपण पाहतोंच. दुसऱ्याच्या क्रियेचा पडसाद आपल्या मेंदूंत थोडासा उमटावा, ही मनुष्याची स्वाभाविक रचना आहे. संशोधकांचा अर्थ असा, कीं ध्वनिद्वेष असलेल्यांत हा पडसाद प्रमाणाबाहेर मोठा होतो. आजोबा चावतात ते जणूं नातीच्याच जबड्यांत, तिची इच्छा नसतांना. कोणी आपला हात धरून बळेंच हालविला तर जो संताप येईल, त्याच जातीचा हा संताप असावा. आपल्याला त्रास देणाऱ्याची नक्कल केली, म्हणजे त्याच्याबरोबर आपणही चावलें, कीं थोडें बरें वाटतें, असें यांतील कित्येक जण सांगतात. त्याचाही उलगडा यानें होतो. परक्याची झालेली क्रिया ते आपली करून घेतात.

या स्पष्टीकरणाला मर्यादा आहेत. मेंदूंतील हें दळणवळण रोगाचें कारण आहे, कीं वर्षानुवर्षें त्या आवाजाची धास्ती बाळगल्याचा परिणाम, हें अशा प्रयोगांवरून सांगतां येत नाहीं. शिवाय बोटें वाजविण्याचा आवाज कांहीं जबड्यांतून निघत नाहीं. या बाबतींत २०२२ सालीं अमेरिकेंतील ओहायो येथील संशोधकांनीं असें दाखविलें आहे, कीं इतर तऱ्हेच्या आवाजांनीं त्रासणाऱ्यांत इन्सुलाचा संबंध बोटांच्या हालचालींच्या भागाशीं अधिक असतो. म्हणजे तत्त्व तेंच, अवयव निराळा.

आवाज कोणाचा आहे, हें मनाला कसें वाटतें यावर किती अवलंबून असतें, याचीही परीक्षा झाली आहे. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं ध्वनिद्वेष असलेल्यांना माणसांच्या खाण्याचे, जनावरांच्या खाण्याचे व इतर आवाज ते कशाचे आहेत हें न सांगतां ऐकविले. माणसाच्या चावण्याचा आवाज ज्यांना दुसऱ्याच कशाचा वाटला, त्यांना त्याचा त्रास कमी झाला. आवाज एकच, तो मनुष्याचा आहे असें कळलें, कीं त्यांत विष कालवलें जातें. आणि तो मनुष्य निकटचा असला तर अधिकच. वरचेवर कानांवर येणारे, ज्यांच्यापासून उठून जातां येत नाहीं असे आवाज घरच्यांचेच असतात. म्हणून हा त्रास बहुधा आईबाप, आजोबा, भावंडें, पतिपत्नी यांच्याच पदरांत पडतो. आजोबांनीं जो अपमानाचा अर्थ लावला, तो म्हणूनच सर्वथा उलटा आहे. ते तिला नकोसे झाले म्हणून त्यांचा घास टोंचतो असें नव्हे. ते तिच्या सर्वांत जवळ बसतात, म्हणून टोंचतो.

हीं श्रीमंत देशांतलीं थेरें, असेंही कोणी म्हणेल. ब्रिटनमधील ७७२ जणांच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सुमारें १८ टक्क्यांना हा त्रास जीवनाला ओझें व्हावा इतका असल्याचें आढळलें हें खरें. पण आपल्याकडे म्हैसूर येथें विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तींतही ही मंडळी भेटलींच. मात्र कोणाचें चावणें आवडलें नाहीं कीं झाला ध्वनिद्वेष, असें समजूं नये. साधा त्रास दुसऱ्या गोष्टींत मन गुंतलें कीं विसरतो. येथें मन दुसरीकडे जातच नाहीं. राग आवाजाच्या मानानें अतोनात असतो. तो अतोनात आहे हें स्वतःस कळत असतें. आणि तो टाळण्यासाठीं मनुष्य पंगत, वर्ग, प्रवास, एकेक सोडूं लागतो. हीं चार लक्षणें जुळलीं, तरच हें नांव घ्यावें. मनोविकारांच्या जागतिक याद्यांत या अवस्थेला अद्याप स्वतंत्र स्थान मिळालेलें नाहीं. तिची व्याख्या करण्यास तज्ज्ञांचें एक मंडळ बसलें, त्याचा एकमतानें ठरलेला मजकूर २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ‘उद्धटपणा कीं रोग’ या प्रश्नास आमचें उत्तर असें : उद्धटपणा नव्हे, आणि रोग हा शब्द तूर्त बाजूस ठेवून, ही एक खरीखुरी पीडा आहे एवढें धरून चालावें.

आम्हीं त्या भगिनींस प्रथम दोन गोष्टी करण्यास लिहिलें. एक, कानाच्या डॉक्टरांकडून मुलीची श्रवणपरीक्षा करून घ्यावी. दुसरी, १५ दिवस एक वही ठेवावी. आवाज कोणाचा, कशाचा, त्या वेळीं झोप व भूक कशी होती, आणि राग किती आला, हें मुलीनें स्वतः लिहावें. रागाला शून्यापासून दहापर्यंत गुण द्यावेत. वही आईनें तपासावयाची नाहीं, मुलीनें दाखविली तरच पाहावयाची.

श्रवणपरीक्षेंत कान निर्दोष निघाले. वही मात्र बोलकी होती. आजोबांच्या पोळी चावण्यास ८ गुण होते, त्यांच्या पापडास १०. धाकट्या भावाच्या पापडास ६. तिनें स्वतः खाल्लेल्या पापडास शून्य. मांजर बशी चाटतें त्यास १, आणि स्वयंपाकघरांतील मिक्सरच्या कर्कश घरघरीस शून्य. वडील वाढण्याची वाट पाहत टेबलावर बोटें वाजवीत, त्यास ७. आणि एकदां काचेच्या दाराआडून नुसतीं तीं बोटें हालतांना दिसलीं, आवाज आला नाहीं, तरी ४. एका लग्नाच्या पंगतींत दीडशें माणसें जेवत होतीं, तेथें अवघे २. परीक्षेच्या आठवड्यांत, जागरणें झालीं त्या दिवशीं, सगळेच आंकडे दोनदोनांनीं चढले होते.

ही वही म्हणजे वर सांगितलेल्या शास्त्राचें घरगुती प्रात्यक्षिकच होय. मोठेपणा हें कारण असतें, तर मिक्सर पहिला यावयास हवा होता. दीडशें माणसांच्या कोलाहलांत कोणाही एकाचें चावणें वेगळें ऐकूं येत नव्हतें, म्हणून तेथें राग निवाला. उलट, घरांत ती चिडते म्हणून सर्व जण चिडीचूप जेवूं लागले होते. त्या शांततेंत आजोबांचा प्रत्येक घास स्वच्छ उठून दिसे. सद्बुद्धीनें केलेल्या उपायानें अपाय होत होता. आणि नुसत्या हालणाऱ्या बोटांस ४ गुण पडतात, त्या अर्थी डोळेही या कामांत सामील आहेत.

त्यावरून पुढील योजना ठरली. एका रविवारीं दुपारीं, जेवणाची वेळ नसतांना, आईनें सर्वांसमोर ही गोष्ट काय आहे तें सांगितलें. आजोबा बराच वेळ गप्प होते, मग त्यांनीं वही मागितली, आणि मांजरापुढील १ हा आंकडा पाहून म्हणाले, “म्हणजे मी मांजर असतों, तर बरें झालें असतें.” नात हंसली, आणि तीनचार महिन्यांनीं प्रथमच त्यांच्याजवळ जाऊन बसली.

जेवणाच्या वेळीं मंद तंबोरा लावण्याचें ठरलें. घरांत गाण्याच्या रियाजासाठीं तंबोऱ्याचें विजेचें यंत्र होतेंच. त्याचा आवाज बोलण्याहून हलका ठेवावयाचा. घासांचे आवाज बुडविण्यापेक्षां त्यांच्या कडा बोथट करणें, एवढाच त्याचा हेतु. पंखाही हेंच काम करतो. बसण्याची रचनाही बदलली. पूर्वीं टेबलाशीं नात आजोबांच्या बरोबर समोर बसे. आतां दोघें एकाच बाजूस, मध्यें आईला घेऊन बसूं लागलीं. आपल्या जुन्या पंगतींत माणसें शेजारीं बसत, एकमेकांच्या तोंडासमोर क्वचितच. टेबल आल्यापासून समोरच्याचा जबडा पाहत जेवण्याची पाळी आली. पंगतीनें ध्वनिद्वेष बरा होतो असें मात्र यावरून कोणीं समजूं नये. डोळ्यांचा वांटा तेवढा कमी होतो.

पापड सर्वांनीं पानें वाढल्याबरोबर एकदम खाऊन टाकावयाचा, असें ठरलें. स्वतःच्या दांतांखालीं पापड मोडत असतां दुसऱ्याचा ऐकूं येत नाहीं. आजोबांची कवळी सैल होती व प्रत्येक घासाला खट् वाजे. ती दंतवैद्यांकडून नीट बसवून घेतली. वडिलांनीं बोटें आवरण्याचें कबूल केलें. आणि असह्य झालेंच, तर मुलीनें आपली वाटी पालथी घालून उठावें, कोणीं कारण विचारूं नये, व तिनें पांच मिनिटांत परत यावें, असा करार झाला. उठून जाण्याची मोकळीक आहे हें ठाऊक असलें, म्हणजे कोंडल्यासारखें वाटत नाहीं. आणि या पीडेंत कोंडल्याची भावना हीच रागाला फार चढविते.

दोन गोष्टी करूं नयेत असेंही आम्हीं कळविलें. एक, कानांत बोळे घालून दिवसभर वावरूं नये. कानांना दीर्घकाळ शांततेंत ठेवलें, कीं मेंदू आवाज वाढवून ऐकूं लागतो, आणि बोळे काढल्यावर साधे आवाजही मोठे भासतात. प्रवासांत किंवा परीक्षेच्या दालनांत घटकाभर ते घालण्यास हरकत नाहीं. दुसरी, ‘संवय होईल’ म्हणून तिला मुद्दाम समोर बसवून चावून दाखवूं नये. बळजबरीनें ऐकलेल्या आवाजाचा धसका अधिकच पक्का होतो, असा या मंडळींचा अनुभव आहे.

एवढ्यानें भागलें नाहीं, म्हणून मुलीला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेण्यांत आलें. ॲम्स्टरडॅमला या पीडेसाठीं विचार व वर्तन यांवरील जी उपचारपद्धति बसविली आहे, तिचाच कांहीं भाग त्यांनीं घेतला. लक्ष एका आवाजावरून दुसऱ्या कामावर नेण्याचा सराव, अंग सैल सोडण्याचा सराव, आणि तिसरा भाग मोठा गमतीचा. मुलीनें स्वतः पापड मोडून त्याचा आवाज फोनवर मुद्रित केला, आणि तो कधीं संथ, कधीं जलद, कधीं उलटा वाजवून, त्याचें पावसांत चालण्याच्या आवाजांत रूपांतर केलें. ज्या आवाजाची ती बंदी होती, त्याची सूत्रधार झाली. या पद्धतीची ॲम्स्टरडॅमला ५४ रोग्यांवर रीतसर परीक्षा झाली, तिचें फल २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तीन महिन्यांच्या उपचारानंतर उपचार घेणाऱ्यांपैकीं ३७ टक्क्यांना स्पष्ट गुण आला. नुसते प्रतीक्षेंत ठेवलेल्यांपैकीं एकालाही आला नाहीं. म्हणजे उपचार खरा आहे, पण निम्म्याहून अधिकांना तो पुरा पडत नाहीं, हेंही तितकेंच खरें. या पीडेवर म्हणून सिद्ध झालेलें औषध नाहीं. कोणी गोळी देऊं केल्यास ती कशासाठीं आहे हें विचारून घ्यावें. मुलगी जेवण टाळून कृश होऊं लागली, स्वतःला इजा करूं लागली, किंवा कोणावर हात टाकूं लागली, तर मात्र घरगुती वहीवर विसंबून न राहतां तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

गेल्या पंधरवड्यांत त्या भगिनींचें पुन्हां पत्र आलें. योजना सुरू होऊन तीन महिने झाले आहेत. आजोबांच्या पोळीचे गुण ८ वरून ५ वर आले आहेत. पापड ९ वरच अडला आहे. वडिलांचीं बोटें अधूनमधून चुकून वाजतात, आणि तेच आतां दचकून क्षमा मागतात. वाटी पहिल्या महिन्यांत अकरा वेळां पालथी पडली, गेल्या महिन्यांत चार वेळां. मुलगी बरी झाली असें त्या लिहीत नाहींत, आणि तसें आम्हीही म्हणत नाहीं.

पत्राचा शेवट मात्र वाचकांसाठीं द्यावासा वाटतो. “परवां आमटी चांगली झाली होती. मामंजींनीं वाटी उचलली, नातीकडे पाहिलें आणि तशीच खालीं ठेवली. तिनें आपलीच वाटी तोंडाला लावून मोठा भुरका घेतला, आणि म्हणाली, ‘घ्या आजोबा, आतां बरोबर.’ दोघांनीं एकदम भुरके घेतले. तिची डावी मूठ आंवळलेली होती, ती मला दिसत होती. पण वाटी तिनें पालथी घातली नाहीं.”